थर्मोस्टॅट काढल्याने घाटात गाडी तापायची थांबत नाही

“थर्मोस्टॅट हा थंड देशांसाठी असतो. आपल्या हवेत तो काढून टाका. पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहील, इंजिन जितके गार तितके चांगले, आणि घाटात गाडी कधीच तापणार नाही. सगळे जुने मेकॅनिक हेच करतात.”

हा संदेश दर एप्रिल-मेमध्ये आमच्या सोसायटीच्या गटात कोणी ना कोणी टाकतो, आणि दोन वर्षांपूर्वी त्यावर विश्वास ठेवून मी स्वतः माझ्या पेट्रोल हॅचबॅकचा थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी-सोडणारी झडप, काढून घेतला होता. त्यामुळे यातील एकेका विधानाचे उत्तर देताना मी माझ्याच गाडीचे उदाहरण वापरणार आहे.

पहिले विधान हवामानाचे आहे. पुण्यात मे महिन्यात दुपारी पारा 40 अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो 10-12 अंशांपर्यंत उतरतो. हा फरक आपल्याला मोठा वाटतो, पण इंजिनला फिरत्या पाण्याचे तापमान 90 अंशांच्या आसपास हवे असते, आणि त्या मापाने पाहिले तर मे महिन्यातील पुणेसुद्धा इंजिनपेक्षा 50 अंशांनी थंडच आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे मुख्यतः त्यातील पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. रेडिएटरचा आकार ठरवताना कंपनी सर्वांत अवघड प्रसंग धरते, म्हणजे भरलेली गाडी, लांब चढ, एसी चालू आणि कडक ऊन. समजा अशा वेळी 40 अंशांच्या हवेत पाणी 90 वर स्थिरावते, म्हणजे फरक 50 चा आहे. आता हीच गाडी सपाट रस्त्यावर निवांत धावत असून इंजिनची उष्णता एक तृतीयांश झाली आहे असे धरा. सगळे पाणी अखंड रेडिएटरमधूनच जात असेल, तर तीच उष्णता बाहेर टाकायला सुमारे 17 अंशांचा फरक पुरतो. मग मे महिन्यात पाणी 57 अंशांवर आणि जानेवारीच्या सकाळी 30 च्याही खाली स्थिरावायला हवे. हा हिशेब ढोबळ आहे आणि प्रत्यक्षात आकडे इतके खाली येत नाहीत, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. रेडिएटर केवळ उष्णता टाकतो, तापमान राखत नाही. ते राखण्याचे काम थर्मोस्टॅटचे आहे, आणि ते काम पुण्यात बारा महिने असते.

हे काम तो कसे करतो, हे एकदा हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. लिंबाएवढ्या या भागाच्या मधल्या पितळी डबीत मेण भरलेले असते. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की मेण वितळून फुगते, आतला दांडा रेटला जातो आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप उघडते. माझ्या गाडीच्या थर्मोस्टॅटवर 82 हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे तो 82 अंशांना उघडू लागतो आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडतो. या दोन टोकांच्या मध्ये तो सतत थोडा उघडत, थोडा मिटत असतो आणि रेडिएटरकडे किती पाणी जाऊ द्यायचे ते ठरवत असतो.

“जितके गार तितके चांगले” हे या संदेशातील सर्वांत नुकसानकारक वाक्य आहे, कारण ते ऐकायला पटते. इंजिन थंड असेल तर पेट्रोलचे काही थेंब सिलिंडरच्या भिंतीवर वाफ न होता तसेच राहतात, तेथील ऑइलचा थर धुऊन काढतात आणि खाली ऑइलमध्ये मिसळतात. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफही गरम इंजिनमधून निघून जाते, पण थंड इंजिनमध्ये ती ऑइलमध्येच साठते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली कॉफीत दूध घातल्यासारखा पिवळट फेस दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच. शिवाय इंजिनचा कंट्रोल युनिट तापमानाचा सेन्सर पाहून पेट्रोल सोडतो, आणि इंजिन अजून तापलेले नाही असे त्याला दिसले तर तो जास्त पेट्रोल देत राहतो. थर्मोस्टॅट काढल्यानंतरच्या डिसेंबरमध्ये मी सोलापूर रस्त्याने जात असताना डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावल्यावर P0128 हा कोड आला, ज्याचा अर्थ पाणी थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही असा होतो. तासाभराच्या सलग प्रवासानंतरही स्कॅनरवर तापमान 63 ते 66 अंशांच्या मध्ये घुटमळत होते. दोन महिन्यांपासून अॅव्हरेज का कमी झाले आहे, याचे उत्तरही मला त्याच आकड्यात मिळाले.

पाणी “सतत फिरत” राहण्याविषयी तर मूळ समजच चुकीचा आहे. पाणी थर्मोस्टॅट फिरवत नाही, वॉटर पंप फिरवतो, आणि थर्मोस्टॅट मिटलेला असतानाही पंप पाणी फिरवतच असतो. त्या वेळी पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासच्या वाटेने ब्लॉक आणि हेडमधूनच फिरत राहते, त्यामुळे इंजिन सर्व बाजूंनी सारखे तापते. आता खरी गंमत पुढे आहे. अनेक इंजिनांमध्ये थर्मोस्टॅटला खालच्या बाजूस दुसरी एक चकती असते. वरची झडप रेडिएटरची वाट उघडते तेव्हा ही चकती बायपासचे तोंड बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की रेडिएटरची वाट कायमची उघडी राहते हे खरे, पण बायपासही कायमचा उघडा राहतो. मग पंपाने ढकललेल्या गरम पाण्यापैकी मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता सोप्या वाटेने परत इंजिनात येतो. निवांत चालवताना गाडी गरजेपेक्षा गार, आणि घाटात मात्र आधीपेक्षा जास्त गरम, असा दुहेरी तोटा त्यातून होतो. ज्या इंजिनांत बायपास म्हणजे केवळ एक बारीक छिद्र असते, तेथे घाटातील तोटा फारसा जाणवत नाही, पण थंडपणाचा तोटा तेथेही टळत नाही.

येथे आपल्याच बाजूच्या लोकांची एक चूक दुरुस्त करायला हवी. “थर्मोस्टॅट नसेल तर पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने जाते की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही,” असा प्रतिवाद बरेच जण करतात. पाणी वेगाने गेले तर एका फेरीत ते कमी गार होते हे बरोबर आहे, पण फेऱ्याही तितक्याच वाढतात आणि एकूण बाहेर पडणारी उष्णता कमी होत नाही, उलट किंचित वाढतेच. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी तापते तेव्हा दोष पाण्याच्या वेगाचा नसून त्याच्या वाटेचा असतो.

आता घाट. पुण्याजवळच्या दिवे घाटाच्या मध्यावर पाणी 95 अंशांवर पोहोचलेले असते तेव्हा धडधाकट थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो. त्याला काढून त्या क्षणी मिळवण्यासारखे जवळजवळ काहीच उरलेले नसते. तेथे प्रश्न असतो तो रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेचा आणि पंपाच्या गतीचा. पंप इंजिनच्या फेऱ्यांबरोबर फिरतो, त्यामुळे 800 फेऱ्यांवर तो जितके पाणी ढकलतो त्याच्या जवळपास चौपट पाणी 3000 फेऱ्यांवर ढकलतो. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेली की इंजिनवर ताण पूर्ण, पण पाणी मात्र कमी, अशी अवस्था होते. म्हणूनच काटा चढू लागल्यावर एक गिअर खाली घेणे आणि एसी बंद करणे या दोन गोष्टींचा तेथल्या तेथे उपयोग होतो.

माझी गाडी मे महिन्यात हडपसरहून सासवडकडे जाताना दिवे घाटात तापली होती, आणि थर्मोस्टॅट काढल्यानंतरच्या पुढच्या मे महिन्यात त्याच घाटात ती पुन्हा तापली. या वेळी दुसऱ्या मेकॅनिकने आधी प्रश्न विचारले. सपाट महामार्गावर तापते का? नाही. सिग्नलला उभी असताना तापते का? एसी लावला तर काटा हळूहळू चढतो. फॅन फिरतो का? फिरतो. यावरून त्याने अंदाज बांधला की पाणी फिरते आहे, फॅन चालतो आहे, पण हवा आरपार जात नाही. समोरचा बंपर काढल्यावर एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्या मधल्या फटीत चिखल, पिसे आणि मेलेले किडे यांचा गोधडीसारखा थर निघाला. महामार्गावर वेगाची हवा त्यातूनही पुरेशी शिरत होती, घाटात 20-25 च्या वेगाला ती शिरत नव्हती. त्याने इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला कमी दाबाचे पाणी मारून जाळी धुतली, कारण समोरून जोरात मारले असते तर कचरा आणखी आत बसला असता आणि पातळ पत्रे वाकले असते. नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट बसवले, कूलंट भरले आणि हवा काढली. त्यानंतरच्या आठवड्यात मी स्कॅनर लावून तोच घाट चढलो. पायथ्याशी 88, माथ्यावर 96, आणि सासवड येण्यापूर्वीच पुन्हा 89.

जुन्या मेकॅनिकांचा अनुभव मात्र मी खोटा म्हणणार नाही. पूर्वी गाडीत कूलंटऐवजी नळाचे किंवा बोअरचे पाणीच भरले जाई. बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा थर थर्मोस्टॅटवर बसे, गंज चढे आणि तो मिटलेल्या स्थितीतच अडके. असा अडकलेला थर्मोस्टॅट काढला की गाडी लगेच शांत होई, आणि सुटा भाग मिळेपर्यंत तेवढा तोडगा रास्तही होता. पण त्या उपायाने गाडी वाचली ती थर्मोस्टॅट नको होता म्हणून नव्हे, तर तो बिघडलेला होता म्हणून. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साठतात, आणि थर्मोस्टॅटसारखा रेडिएटर काढून टाकायची सोय नसते.

थर्मोस्टॅट खरेच अडकला आहे का, हे घरी तपासता येते. इंजिन पूर्ण थंड असतानाच तो काढावा. दोऱ्याने बांधून तो पातेल्यातील पाण्यात, तळाला न टेकता, लटकवावा आणि शेजारी 100 अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर धरावा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे झडप सुटलेली दिसली पाहिजे आणि पाणी गार होताना ती पूर्ण मिटली पाहिजे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्याने येथे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांनाच उकळते, पण 82 किंवा 88 चा थर्मोस्टॅट तपासायला तेवढे पुरते. गाडीत मात्र रेडिएटरच्या झाकणाचा दाब असतो आणि त्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर फाटलेले असेल तर गाडीतले पाणीही पातेल्यासारखे 98 लाच उकळू लागते. त्यामुळे घाटात वाफ दिसली तर पातेले चुलीवर ठेवण्याआधी, गाडी निवल्यावर, हे रबर एकदा पाहून घ्यावे.