‘खेळ सुरू होतो न होतो तोच उठवलं’ या रिव्ह्यूला आमच्या गेम कॅफेचं उत्तर

★★ “शनिवारी मित्रांसाठी पहिल्यांदाच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम चालवला, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ पुढे नेणारा, मीच होतो. पाच जणांचे १५०० रुपये भरले. ‘नवख्यांचं स्वागत’ अशी पाटी लावता, पण तीन तासांत खेळ जेमतेम सुरू झाला आणि ऐन लढाईत आम्हाला उठवलं. वर तुमच्या मुलाने सगळ्यांसमोर मला शिकवायला सुरुवात केली. तीन तासांत हे होतच नाही, हे आधी सांगायला हवं होतं.”

नमस्कार. ऐन लढाईत उठावं लागलं याबद्दल मनापासून क्षमा मागते. टेबलांवर मदत करणाऱ्या आमच्या मुलाने तुम्हाला बाजूला बोलावून सांगायला हवं होतं, चार मित्रांसमोर नाही. ती आमची चूक आहे आणि त्याच रात्री मी त्याच्याशी बोलले.

पण “तीन तासांत हे होतच नाही” हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. नवीन माणसं आमचं पान बघूनच येतात, आणि हे वाचून उद्या कुणी येणारच नाही. म्हणून त्या तीन तासांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. तुमचं टेबल काउंटरला लागूनच होतं, त्यामुळे मी बरंच काही पाहिलं आहे.

बुकिंग ६ ते ९ होतं. मंडळी ६.२० ला जमली. पार्किंग मिळत नाही हे मला माहीत आहे, त्याचा दोष देत नाही. त्यानंतर आम्ही खोक्यातून तयार पात्रांच्या शीट काढून दिल्या: योद्धा, चोर, धर्मगुरू, जादूगार, सगळे आकडे भरलेले. तुम्ही त्या बाजूला ठेवल्या, कारण प्रत्येकाने आपलं पात्र स्वतः घडवावं असं तुम्हाला वाटत होतं. त्यामागचा विचार मला समजतो. पण टेबलावर नियमांचं पुस्तक एकच होतं आणि माणसं चार. योद्धा घेतलेल्या मित्राचं काम पंधरा मिनिटांत झालं, पुढे तो फोन बघत बसला. जादूगार घेतलेल्या मैत्रिणीला मात्र पहिल्याच पातळीला तीन छोटे मंत्र आणि वहीत लिहायचे सहा मोठे मंत्र निवडायचे होते. ज्याने खेळ कधी पाहिलेलाच नाही, त्याला यातला कोणता मंत्र कधी कामी येईल हे कसं कळणार? ती बिचारी प्रत्येक मंत्र वाचत होती. चारही शीट भरून झाल्या तेव्हा ७.५० झाले होते. दीड तास तिथे गेला, आणि त्या दीड तासात कुणीही एकदाही फासा टाकला नव्हता.

तयार शीट दिली म्हणजे निवड हिरावली, असं होत नाही. आम्ही स्वतः नवख्यांना खेळवतो तेव्हा प्रत्येक पात्राबद्दल दोन ओळी वाचून दाखवतो आणि हवं ते उचलायला सांगतो. मग तिघं-चौघं तीनच गोष्टी ठरवतात: नाव, कशाची भीती वाटते, आणि डाव्या हाताला बसलेल्याच्या पात्राशी आपली ओळख कशी. पंधरा मिनिटं पुरतात. आकड्यांपेक्षा या तीन गोष्टींतूनच पात्र आपलं वाटायला लागतं. नियमही आधी समजावत नाही. पहिल्यांदा कुणी “मी भिंतीवर चढतो” म्हणालं की वीस बाजूंचा फासा हातात द्यायचा, पडलेल्या आकड्यात शीटवरचा आकडा मिळवायला सांगायचा आणि सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २० लागतात एवढंच सांगायचं. बाकी सगळं खेळता खेळता कळतं.

७.५० नंतर गोष्ट छान सुरू झाली होती, हे मुद्दाम सांगते. हरवलेल्या गिरणीवाल्याची तुमची कल्पना चांगली होती आणि गिरणीवाल्याच्या आईचा आवाज तुम्ही असा काढलात की शेजारचं टेबलही ऐकत होतं. पण जंगलाकडे जाणाऱ्या पावलांच्या खुणा सापडायला तुम्ही १५ ची अट ठेवलीत. चौघांनी फासे टाकले आणि सर्वात मोठी बेरीज १३ आली. खुणा मिळाल्या नाहीत, आणि गोष्टीला पुढे जायला दुसरी वाट नव्हती. मंडळी अर्धा तास गावातच फिरत राहिली. पहिल्यांदा खेळ घेणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं. जे मिळाल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही, ते फाशावर ठेवायचं नसतं. खुणा सापडतातच. फासा वाईट पडला तर एवढंच होतं की शोधायला रात्र झाली, किंवा शोधताना झालेला आवाज कुणीतरी ऐकला. आमच्या मुलाला हे दिसत होतं, पण “आम्हाला आमचं करू द्या” असं तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं, म्हणून तो गप्प राहिला. तेव्हा बोलला नाही हेही चुकलं आणि नंतर बोलला तेही चुकलं, असं झालंय.

तो बोलला तो लढाईच्या वेळी. ८.३० ला तुम्ही सहा गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, काढलेत. तुम्ही आणलेल्या २०१४ च्या नियमांत पहिल्या पातळीच्या एका पात्रामागे शत्रूंच्या ताकदीचे ५० गुण ही मध्यम लढाई आणि १०० ही जीवघेणी, म्हणजे चौघांना अनुक्रमे २०० आणि ४००. एक गॉब्लिन ५० गुणांचा. सहांचे ३०० होतात, आणि तीन ते सहा शत्रू एकत्र आले की ती बेरीज दुप्पट धरायची असते. ६०० झाले, म्हणजे जीवघेण्या ४०० च्याही बरेच वर. दोनच गॉब्लिन असते तर शंभराची दीडपट, म्हणजे १५०, आणि पहिल्या लढाईला तेवढं पुरतं. तुमच्या मैत्रिणीच्या जादूगाराकडे ७ हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव, होता. गॉब्लिनचा एक बाण सरासरी पाच-साडेपाच घेतो. दोन बाण लागले आणि तासभर मंत्र निवडलेलं ते पात्र स्वतःची पाळी येण्याआधीच कोसळलं. तिचा चेहरा पाहून आमचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, “सर, तीन गॉब्लिन पळून गेले असं करा.” सांगण्याची पद्धत चुकली, सल्ला चुकला नव्हता. गेम मास्टरला असं करता येतं आणि ती फसवणूक नसते.

नऊची वेळ आम्ही का वाढवली नाही, तर जिन्यात आठ लहान मुलं वाढदिवसासाठी उभी होती. ८.४५ ला आठवण केली होती. पंधरा मिनिटं पुरेशी नाहीत हे आता पटतंय, यापुढे थोडं आधी सांगत जाऊ. पहिल्यांदा खेळ घेणाऱ्यांसाठी एक छापील कागदही टेबलावर ठेवायचा विचार आहे. पैशांचं म्हणाल तर माणशी ३०० मध्ये फासे, पुस्तक, शीट सगळं येतं, त्याहून कमी मला परवडत नाही. पण पुढच्या वेळी गेम मास्टर म्हणून तुमचे ३०० घेणार नाही. तयारीला अर्धा तास आधी या, टेबल मोकळं असेल तर बसा.

तुमच्या मैत्रिणीने भरलेली जादूगाराची शीट टेबलाखाली पडली होती. सहाही मंत्र सुबक अक्षरात लिहिलेत, म्हणून टाकली नाही. काउंटरच्या खणात ठेवली आहे, सोमवार सोडून कधीही येऊन घेऊन जा.