आमच्या सोसायटीचा पावसाळा कुठे गेला?

गेल्या रविवारी सोसायटीच्या वार्षिक सभेत माझ्यावर पावसाळा गायब केल्याचा आळ आला, आणि चार दिवस उलटले तरी माझा राग पुरता निवळलेला नाही. कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीचा मी खजिनदार आहे. म्हणजे दर महिन्याचे टँकर मोजतो, एक्सेलमध्ये लिहितो आणि वर्षातून एकदा पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर उभा राहून बोलणी खातो. या वर्षी मी आकड्यांसोबत एक रेषालेखही छापून वाटला. सभासदांना आकडे वाचण्याचा कंटाळा येतो, म्हणून केलेला तो उपकार होता, हे मला इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

सगळ्यांनी कागदाची घडी घालून त्याने वारा घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र चष्मा कपाळावरून नाकावर आणला. काका निवृत्त लेखापरीक्षक आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला तपासायला फक्त मी उरलो आहे.

"खजिनदारसाहेब, एक बारीकशी शंका आहे. गेल्या वर्षी पुण्यात पाऊस झाला होता का हो?"

"झाला होता की, काका."

"नाही, आपल्या कागदावर दिसत नाही म्हणून विचारलं. एप्रिल, मे, जून आणि मग एकदम नोव्हेंबर. आमच्या घरी तरी मध्ये गणपती बसले होते."

मी कागद पाहिला. आडव्या अक्षावर जूनच्या शेजारी नोव्हेंबर मांडी ठोकून बसला होता आणि २९ वरून १६ पर्यंत रेषा निर्लज्जपणे सरळ उतरत होती. मध्ये ना खाच, ना तुटक जागा. "एक्सेलने काहीतरी केलं असावं," असे मी पुटपुटलो, आणि तिथेच फसलो.

"एक्सेल आपल्या कार्यकारिणीवर आहे का?" काकांनी शांतपणे विचारले. मग खिशातून पेन्सिल काढून रेषेवरच्या बिंदूंचे आकडे त्यांनी कागदाच्या मागे मांडले आणि बेरीज केली. संपूर्ण सभा थांबली. वाहनतळावरून गेली सहा वर्षे भांडणारे दोन सभासदसुद्धा थांबले. "दोनशे चौतीस भरतात. वर मात्र आपण एकूण दोनशे साठ टँकर लिहिले आहेत. मधले सव्वीस टँकर कोण प्यायलं?"

घरी येऊन फाइल उघडली तेव्हा आमच्या पाण्याचा चोर सापडला, आणि तो मीच होतो. सभेच्या दोन दिवस आधी अध्यक्षांना टँकरवाल्याशी घासाघीस करण्यासाठी पंधरापेक्षा जास्त टँकर लागलेल्या महिन्यांची यादी हवी होती. मी टँकरच्या स्तंभाला फिल्टर लावून यादी दिली आणि फिल्टर तसाच ठेवून फाइल जतन केली. जुलैचे ६, ऑगस्टचे ४, सप्टेंबरचे ५ आणि ऑक्टोबरचे ११ असे एकूण २६ टँकर असलेल्या चार ओळी त्या फिल्टरमागे लपल्या होत्या. एक्सेलचा आलेख मुळात फक्त दिसणाऱ्या पेशी रेखाटतो. ओळ फिल्टरने लपलेली असो, हाताने लपवलेली असो किंवा गट मिटवल्यामुळे नाहीशी झालेली असो, तिचा बिंदू तो वगळतो. स्तंभ लपवले तरी हाच न्याय. `=SUM(B2:B13)` हे सूत्र मात्र लपलेल्या ओळीही इमानाने मिळवते, म्हणून बेरीज २६० आली आणि रेषेवर २३४ च उरले. एकाच कार्यपत्रकावर दोन वेगवेगळ्या नीती चालतात, आणि त्यांतली कोणती कुठे लागू आहे हे सांगणारी साधी पाटीही तिथे नसते. आमच्या पार्किंगमध्येसुद्धा एवढी अनागोंदी नाही.

खूण नव्हतीच असे मात्र म्हणता येणार नाही. ओळींचे क्रमांक ४ वरून थेट ९ वर उडी मारत होते आणि फिल्टरमुळे निळे झाले होते. आलेखातल्या रेषेवर क्लिक केल्यावर वरच्या सूत्रपट्टीत `$B$2:$B$13` हा पूर्ण पट्टा शाबूत दिसत होता; म्हणजे आलेखाचा आधार तुटला नव्हता, फक्त मधल्या ओळींवर पडदा होता. त्याहून मोठी खूण मी स्वतःच पुसली होती. फिल्टर लावताच शेजारचा आलेख बसका झाला होता, कारण तो मुळात पेशींबरोबर लहानमोठा होतो. मी ती छपाईची कटकट समजून कोपरा धरून त्याला ताणले, आणि आता फिल्टर काढल्यावर तो अंगापेक्षा मोठ्या झग्यासारखा खालच्या ओळींवर पसरला. त्याचा उपाय वेगळा आहे: `Format Chart Area` मधल्या `Properties` खाली `Don't move or size with cells` निवडावे.

पावसाळा परत आणण्याचा मार्ग असा. आलेखावर क्लिक करून `Chart Design` मध्ये `Select Data` उघडावे. त्या चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कोणाचीही नजर जाऊ नये अशा बेताने, `Hidden and Empty Cells` हे बटण आहे. ते दाबून `Show data in hidden rows and columns` या ओळीपुढे खूण करावी आणि दोन्ही चौकटी `OK` ने बंद कराव्यात. मी फिल्टर पुन्हा लावून पाहिला: यादीत आठच महिने राहिले, पण रेषा जुलैत ६ वर कोसळली, ऑगस्टमध्ये ४ वर टेकली आणि सप्टेंबरपासून पुन्हा चढू लागली. त्याच बटणाखाली रिकाम्या पेशींसाठी खंड ठेवण्याचा किंवा शून्य धरण्याचा पर्यायही आहे. पण लपलेली ओळ ही रिकामी ओळ नव्हे, त्यामुळे खूण न करता नुसते ते पर्याय बदलण्यात मी जो अर्धा तास घालवला तो पाण्यात गेला. टँकरच्याच पाण्यात म्हणा.

ही खूण प्रत्येक आलेखासाठी वेगळी करावी लागते. खर्चाच्या दुसऱ्या आलेखात पावसाळा अजून बेपत्ताच होता, आणि ते मला रात्री साडेअकराला कळले. शिवाय आलेखाशेजारच्या नरसाळ्याच्या बटणाने एखादा महिना काढला असेल, तर ही खूण त्याला परत आणत नाही. तो तिथूनच पुन्हा निवडावा लागतो. फिल्टर बदलला की आलेख बदलावा अशीच ज्यांची इच्छा असते, त्यांनी तर ही खूण करूच नये. मूळ वागणूक त्यांच्यासाठी सोयीची आहे, हे मी कुरकुरत का होईना मान्य करतो. पण चार ओळी गाळताना एखादा शब्द उच्चारायला काय हरकत होती?

सोमवारी दुरुस्त केलेला आलेख घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकांनी बाराही बिंदूंची बेरीज केली, ती २६० भरली, आणि "ठीक आहे" एवढेच बोलून दार लावले. चहाचे विचारले नाही. इतिवृत्त मात्र त्यांनी रविवारीच लिहून फलकावर लावले होते, ते अजून तसेच आहे: "खजिनदारांनी पुढील सभेपूर्वी पावसाळा सादर करावा, असे सर्वानुमते ठरले."