‘नो थँक्स पुरे’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सध्या नोकरी बदलायची नसेल तर लिंक्डइनवर आलेल्या रिक्रूटरच्या मेसेजला चार ओळींत, आभार मानून आणि पुन्हा कधी विचारायचं तो महिना सांगून नकार द्या, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया:

> “लेखक महाशय, एवढा वेळ कुणाला असतो? रिक्रूटर शंभर जणांना एकच मेसेज चिकटवतो, त्याला ‘नो थँक्स’ पुरे. चार ओळींचं आभारप्रदर्शन म्हणजे लाचारी. आणि वर महिना लिहून द्यायचा म्हणजे आपणच अडकायचं! बाकी लेख नेहमीसारखा एचआरची तळी उचलणारा.”

‘महाशय’ म्हटल्याबद्दल आभार. त्यातला खोचकपणा पोहोचला. मुद्दा मांडायला एवढं तिखट लागतंच असं नाही, पण ते असो.

एक गोष्ट मान्य. मेसेजमध्ये तुमचं नाव चुकलंय, तुम्ही जावावाले आणि काम एसएपीचं आहे, अशा वेळी चार ओळी वाया घालवू नका. ‘नो थँक्स’चं बटण दाबा, मोकळे व्हा. मूळ लेखात हे सांगायला हवं होतं.

आता ‘महिना लिहून अडकतो’ याबद्दल. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं बसलोय, त्यामुळे हे वाक्य तसंच सोडवत नाही. ‘सध्या नको, पुढे नक्की बोलू’ असं लिहिलंत की रिक्रूटर पुढे जातो आणि तुमचं नाव तिथेच संपतं. त्याला उद्धट म्हणू नका, त्याच्याकडे रिमाइंडर लावायला तारीखच नसते. ‘ऑक्टोबरमध्ये विचारा’ म्हटलंत तर तो तुमच्या नावापुढे तशी नोंद करू शकतो. यात तुम्ही कसलंही वचन देत नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा ‘नको’ म्हणायला कुणी अडवलंय?

फक्त महिना हिशोबाने निवडावा लागतो. समजा, हिंजवडीतला सहा वर्षांचा बॅकएंड डेव्हलपर आहे, नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि हातातलं मायग्रेशन सप्टेंबरअखेर लाइव्ह जाणार. त्याने ऑक्टोबर सांगितला, इंटरव्ह्यू होऊन महिनाअखेर ऑफर आली, तर राजीनाम्यानंतरचे ९० दिवस धरून जॉइनिंग जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. रिक्रूटरही हेच गणित मनात करतो. एप्रिलच्या अप्रेझलनंतर बघू असं ठरवलं असेल तर मे सांगा, पण कारण लिहू नका. पगारवाढ हातात आल्यावर बोलायचंय हे त्याला आत्ताच कळून तुमचा काय फायदा?

तुम्ही ज्याला आभारप्रदर्शन म्हणता त्यात आभार एका ओळीचे असतात. उरलेल्या ओळींत माहिती असते. वरच्याच माणसाला बंगळुरूच्या पेमेंट कंपनीतल्या कामासाठी मेसेज आला, तर तो असं लिहील (पाठवताना अर्थात इंग्रजीत):

“नमस्कार, पेमेंट्स टीममधल्या कामासाठी माझा विचार केलात, आभारी आहे. हातातला प्रोजेक्ट सप्टेंबरअखेर संपतोय, तोवर बदल करणार नाही. पुण्यात किंवा रिमोट, टेक लीड पातळीचं काम असेल तर ऑक्टोबरमध्ये जरूर विचारा. माझा सीव्ही मला विचारल्याशिवाय कुठे पाठवू नये, ही विनंती.”

कुठल्याही ओळीत सध्याचा किंवा अपेक्षित सीटीसी नाही, मॅनेजरबद्दल तक्रार नाही. सीटीसी एकदा लेखी गेला की पुढच्या वाटाघाटी त्या आकड्यापासून सुरू होतात. बदल नकोच असताना तो द्यायचा कशाला? संपर्कासाठी ईमेल दिलात तर तो स्वतःचा द्या, ऑफिसचा नको.

शेवटची, सीव्हीबद्दलची ओळ तर तुमच्यासारख्या घाईत असलेल्या मंडळींसाठीच आहे. मेसेजमध्ये ‘आमच्या नामांकित क्लायंटसाठी’ असं लिहून कंपनीचं नाव झाकलेलं असेल, तर समोर बहुधा कन्सल्टन्सी असते. तिला उमेदवार रुजू झाल्यावर फी मिळते, त्यामुळे प्रोफाइल आधी आपल्याकडून जावं अशी तिची घाई. ‘जेडी पाठवा, बघतो’ एवढ्या बोलण्यावर सीव्ही पुढे सरकवणारे आहेत. मग त्या क्लायंट कंपनीत काही महिने तुम्ही त्या कन्सल्टन्सीचे उमेदवार म्हणून नोंदलेले राहता. पुढे ओळखीच्या मित्राने रेफरल दिला की सिस्टिम ‘आधीच नोंद आहे’ म्हणते आणि त्याचा रेफरल बोनस बुडतो. दोन कन्सल्टन्सींनी एकच सीव्ही पाठवला तर वाद नको म्हणून कंपनी तो बाजूलाही ठेवते. म्हणून आधी कंपनीचं नाव विचारायचं, मगच होकार, तोही लेखी.

आणि लिंक्डइनवरच्या ‘नो थँक्स’ने रिक्रूटरला धडा शिकवला असं वाटत असेल तर ऐका. रिक्रूटर तिथे क्रेडिट खर्चून जो मेसेज पाठवतो, त्या इनमेलला ९० दिवसांत होकार किंवा नकार आला की त्याचं क्रेडिट त्याला परत मिळतं. म्हणजे बटण दाबून त्याचं नुकसान शून्य. त्याला कळतं फक्त ‘नकार’. कुठलं काम, कुठलं शहर, कधी चालेल, यातलं काही नाही. हाच माणूस उद्या दुसऱ्या कंपनीत गेला तर तिथल्या पुणेवाल्या जागेसाठी तुम्हाला कशाच्या आधारावर विचारील?

‘लाचारी’ आणि ‘तळी’ या शब्दांवर मी वेळ घालवत नाही. पुढच्या वेळी मुद्दा असेल तर जरूर लिहा, नुसता टोमणा असेल तर प्रकाशित करणार नाही.