‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

क्लायंटच्या संचालकांना मेल, सीसीत त्यांच्याच ऑफिसातला 23 वर्षांचा पोरगा. साहेबांना ‘आपण’, पोराला ‘तुम्ही’, इथवर ठीक. पण साहेबांच्या मेलमध्ये पोराचा उल्लेख आला की पंचाईत! ‘रोहनने फाइल पाठवली’ उद्धट वाटतं, ‘रोहन यांनी पाठवली’ वाचून तोच हसतो.

त्यात हे दुतोंडी ‘आपण’! परवा लिहिलं, ‘मसुदा आपण सोमवारी तपासायचा आहे.’ मला म्हणायचं होतं, तुम्ही तपासा. साहेबांनी वाचलं, दोघांनी मिळून. सोमवारभर ते माझ्या फोनची वाट बघत बसले आणि मी त्यांच्या मेलची.

आता कर्ताच गाळते: ‘मसुदा तपासून मिळावा.’ कोणाकडून, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. म्हणजे, आपण ठरवावं. छे!