काकूंचे २,९९९ रुपये आणि ऑटोपेचा फॉरवर्ड

‘सावधान! एकदा का “मान्य आहे” दाबलं, की कंपनी दरवर्षी तुमचे पैसे कापणार, कायद्याने तुम्ही बांधले गेलात. कापायच्या आधी कळवायचं बंधन कोणावरच नाही. बंद करायचं तर त्यांच्याच कस्टमर केअरच्या पाया पडा. आणि केस करायची तर बंगळुरूला जा. पुढे पाठवा.’

हा मेसेज नागपुरातल्या आमच्या नरेंद्र नगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, त्याच आठवड्यात शेजारच्या काकू मोबाईल घेऊन दारात उभ्या होत्या. नातीसाठी त्यांनी गेल्या वर्षी जूनमध्ये एका अभ्यासाच्या ॲपची सात दिवसांची ट्रायल घेतली होती, एका रुपयात. आठव्या दिवशी २,९९९ गेले आणि या जूनमध्ये पुन्हा २,९९९. ‘काहून रे, ॲप तर मी कधीचंच काढून टाकलं होतं!’ म्हणाल्या. फॉरवर्डमधला एकेक मुद्दा त्यांच्याच मोबाईलवर तपासता आला, म्हणून तोच दाखला घेतो.

आधी संमतीचं. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम म्हणतात, की ग्राहकाने स्वतः, स्पष्टपणे काहीतरी कृती करून होकार दिला पाहिजे. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन हा होकार धरता येत नाही. अटींच्या खालचं बटण तुम्ही स्वतः दाबलं तर तो होकार धरला जाऊ शकतो, पण एवढ्यावर सगळं पक्कं होत नाही. पैसे आपोआप कापायला तर वेगळी परवानगी लागते, तिला मँडेट म्हणतात. ते कार्डावर असेल तर ओटीपी आणि यूपीआयवर असेल तर पिन टाकल्याशिवाय तयारच होत नाही.

पण इथेच काकूंची बाजू थोडी लंगडी पडली. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत त्यांचं मँडेट उघडलं. त्यावर लिहिलेलं होतं: रक्कम २,९९९ पर्यंत, वारंवारिता वार्षिक आणि खाली मुदतीची तारीख. पिन टाकताना हीच ओळ समोर आली होती, पण काकूंनी वरचा मोठा ‘१ रुपया’ पाहिला. ट्रायलचा रुपया आणि मँडेटची कमाल रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिनच्या आधी पाहायचा आकडा दुसरा. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पैशांसाठी भांडायला आम्हाला फारशी जागा नव्हती. फुकट ट्रायल देताना ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने घेणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून नोंदलेलं आहे. पण एक रुपया घेतला की कंपनी म्हणते, हे फुकट कुठे होतं! तो रुपया कशासाठी असतो, याचा माझा अंदाज तुम्हीही बांधला असेलच.

आता सूचनेचं. बंधन आहे, फक्त फॉरवर्ड लिहिणाऱ्याने चुकीच्या दारावर पाहिलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं असतं आणि ते कळवायचं काम ज्या बँकेचं कार्ड किंवा खातं आहे तिच्याकडे आहे, कंपनीकडे नाही. त्या मेसेजमध्ये कोणाला, किती, कधी आणि कशासाठी हे सगळं यावं लागतं. तो पाहून तेवढाच एक हप्ता थांबवता येतो किंवा अख्खं मँडेटच रद्द करता येतं. फास्टॅगचा आपोआप होणारा रिचार्ज यातून वगळला आहे, म्हणून तिथे २४ तासांच्या मेसेजची वाट पाहू नका. आणि साधारण वर्गणीचा हप्ता १५,००० रुपयांपर्यंत असेल तर दरवेळी ओटीपी मागत नाहीत. म्हणजे तुमच्या हातात असतो तो एवढा मेसेजच.

काकूंच्या इनबॉक्समध्ये तो होता. १२ जूनला, सकाळी साडेअकराला, एका साडीच्या सेलच्या आणि एका कर्जाच्या मेसेजच्या मध्ये. पैसे गेले १४ ला. बँकेने आपलं काम केलं होतं. तो मेसेज आलाच नसता तर तक्रार बँकेकडे करायची होती, आणि बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

बंद करण्याच्या बाबतीत मात्र दोन गाठी आहेत आणि त्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागतात. एक गाठ पैशांची: मँडेट. ते रद्द करायला कंपनीला विचारायचंच नाही. काकूंनी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडलं, मँडेट रद्द केलं, पिन टाकला, दोन मिनिटांत मेसेज आला. कार्डावरचं मँडेट बँकेच्या ॲपमधून किंवा साइटवरून काढता येतं. मोबाईलच्या ॲप स्टोअरमधून घेतलेली वर्गणी त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर बंद होते. ॲप काढून टाकल्याने यातलं काहीही होत नाही.

दुसरी गाठ कंपनीशी झालेल्या कराराची. मँडेट काढलं की पैसे जाणं थांबतं, पण वर्गणी कागदोपत्री तशीच राहू शकते. ज्या सेवेचं बिल वापरल्यानंतर येतं तिथे वापरलेल्याचे पैसे मागायला कंपनी मोकळी असते. म्हणून कंपनीलाही लेखी कळवायचं. त्या ॲपमध्ये ‘रद्द करा’ असं बटणच नव्हतं. प्रोफाइल, मग मदत, मग चॅट, आणि शेवटी ‘आमचे प्रतिनिधी फोन करतील’. फोन आला तो सवलत द्यायला. रद्द करण्याचा पर्याय लपवणं किंवा ती वाट किचकट करून ठेवणं हेही त्याच ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये मोडतं.

काकूंचं नशीब असं, की जानेवारीत त्यांनी चॅटवर ‘बंद करा’ लिहिलं होतं आणि ‘तुमची विनंती नोंदवली आहे’ असं उत्तर आलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट नातीने काढून ठेवला होता. सगळं प्रकरण या एका चित्रावर फिरलं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ई-कॉमर्स कंपनीला द्यावाच लागतो. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल, असा नियम आहे. आम्ही मेल केला: जानेवारीचा चॅट, १४ जूनच्या व्यवहाराचा क्रमांक, मागणी २,९९९ परत. पोच चौथ्या दिवशी आली, सोबत ‘अर्धी रक्कम ॲपमध्ये क्रेडिट देतो’. नको म्हटलं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, तिचं म्हणणं कंपनीवर बंधनकारक नसतं. पण तक्रार तिथून गेली की कंपनीत ती दुसऱ्या टेबलावर पोचते, असा माझा अनुभव. बावीस दिवसांनी या वर्षीचे २,९९९ खात्यात आले. गेल्या वर्षीचे नाही आले.

नसते आले, तर बंगळुरूचं तिकीट काढायची गरज नव्हती. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आपला नागपूरचा आयोग सिव्हिल लाइन्समध्ये आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. काकूंनी विचारलं, ‘मंग सिव्हिल लाइन्सला कधी जायचं?’ पैसे आल्याचा मेसेज मी त्यांना पुन्हा वाचून दाखवला. त्यांचा चेहरा जरा पडलाच.