१००% लिहून खाली ‘अटी लागू’ टाकणाऱ्यांनो, जरा थांबा

“पालक फक्त प्लेसमेंट बघतात. मोठ्ठं १००% प्लेसमेंट लिहा, खाली बारीक अक्षरात अटी लागू टाका, सुटलात. भीती वाटत असेल तर १००% प्लेसमेंट असिस्टन्स लिहा. खरे आकडे टाकले तर सीट्स रिकाम्या राहतात.”

हा फॉरवर्ड काल माझ्या मामेभावाने पाठवला, खाली “दादा, असंच करू ना?” तो नुकताच एका खाजगी कॉलेजच्या ॲडमिशन सेलला लागलाय आणि मी वर्षानुवर्षं कॉलेजांच्या जाहिराती लिहितोय, त्यामुळे डोकंच फिरलं.

आधी ते बारीक अक्षर. अरे, नेमकं तेच चालत नाही! ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे ॲस्की, हिचे शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींसाठी वेगळे नियम आहेत. पुरावा हातात नसेल तर इथे ॲडमिशन घेतलं की नोकरी लागते असं म्हणायचं नाही, आणि वाचणाऱ्याला तसं वाटेल असंही लिहायचं नाही. पुरावा असला तरी आधीचा रेकॉर्ड ही पुढच्या नोकरीची हमी नाही, हे सोबत छापावं लागतं, आणि त्याची अक्षरं दाव्याच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे १००% जेवढं मोठं कराल तेवढ्याच मोठ्या अक्षरात ‘हमी नाही’ छापा, मग बघा ती जाहिरात कशी दिसते ते. ॲस्की सरकारी नाही, कबूल. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर केंद्र सरकारचे २०२२ चे नियम आहेत, त्यातही खालच्या टिपेने वरचा खोटा दावा दुरुस्त होत नाही असंच आहे. अशा जाहिरातींसाठी कोचिंग क्लासेसना लाखांत दंड झालेत.

‘असिस्टन्स’ ही तर शुद्ध चलाखी. त्याचा अर्थ फक्त ‘आम्ही प्रयत्न करू’, पण पालक १०० वाचतो आणि पुढचा शब्द गिळतो, लिहिणाऱ्याला हे माहीत असतं म्हणूनच तो लिहितो. वाचणाऱ्याला काय वाटेल हे नियमात आहे ते याच्यासाठीच.

आता हे ९०-१०० टक्के येतात कुठून ते बघा. समजा पास झालेली बॅच १२० ची. कंपन्यांची अट ६० टक्के आणि एकही बॅकलॉग नको, त्यात बसली ७० मुलं. नोकरी लागली ५६ जणांना, पण सात जणांना दोन-दोन ऑफर, म्हणून ऑफर लेटर झाली ६३. कॉलेजचा प्लेसमेंट ऑफिसर ६३ भागिले ७० करतो, ९० टक्के! वर ऑफर मोजल्या, खाली निवडक मुलं. पालकाचा पोरगा त्या ७० मध्ये असेल की उरलेल्या ५० मध्ये हे आज कोणाला माहितीये? खरा हिशोब ५६ भागिले १२०, म्हणजे ४७ टक्क्यांच्या आत. पॅकेजचंही तेच, एकाला १८ लाख मिळाले की तो फोटोसकट होर्डिंगवर. त्यापेक्षा ५६ पगार चढत्या क्रमाने लावा आणि मधला सांगा, म्हणजे २८ वा आणि २९ वा, दोघांची सरासरी.

एक मान्य करतो, कुरकुरत का होईना. पालक नोकरीचंच आधी विचारतात, आणि ‘उज्ज्वल भविष्य’ वगैरे लिहिलेली आकड्याविना जाहिरात कोणी वाचत नाही. पण म्हणून आकडा खोटा कशाला? भावाला मी हे लिहून दिलं:

“गेल्या वर्षी पास झालेले १२०. कॅम्पसमधून नोकरी ५६ जणांना, पुढे शिकायला गेले २२. निम्म्या मुलांचा पगार वर्षाला ३.२ लाख किंवा त्याहून जास्त (नोकरी लागलेल्या ५६ पैकी). आधीचा रेकॉर्ड ही पुढच्या नोकरीची हमी नाही. चारही वर्षांची एकूण फी, हॉस्टेल धरून, मागच्या पानावर. शनिवारी मुलाला घेऊन या, लॅब बघा, शेवटच्या वर्षाच्या मुलांशी आमच्याशिवाय बोला.”

आकडे वर धरलेल्या बॅचचे आहेत, तिथे त्याने स्वतःच्या कॉलेजचे टाकायचे. हमीची ओळ बाकीच्या अक्षरांएवढीच ठेवायची. आणि ५६ जणांची यादी, ऑफर लेटरच्या कॉपीसकट, फाइलला लावल्याशिवाय प्रिंटला जायचं नाही.

सीट्स रिकाम्या राहतात म्हणे. पालक फोनवर पहिलं विचारतात “किती पैकी किती?” आणि १००% छापलेल्या कॉलेजचा काउन्सेलर तिथेच अडखळतो, हे मी शेजारी बसून ऐकलंय.

भावाचा रिप्लाय आला, “सर म्हणतायत फीचं पान काढूया.” काढू नको म्हटलं, तेच पान पालक फाडून खिशात ठेवतात.