सहा कुर्ते, पाच वार

सकाळी कपाटासमोर उभं राहून 'घालायला काहीच नाही' म्हणण्यासाठी कपाट गच्च भरलेलं असावं लागतं. रिकाम्या कपाटासमोर हा प्रश्न पडतच नाही. त्यात ८:०४ ची लोकल कुणाच्या ओढणीसाठी थांबत नाही. म्हणून आठवड्याचे कपडे रविवारीच लावून ठेवावेत, असं सगळेच सांगतात. पण किती लावावेत, याचं गणित कोणी सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

आठवड्यात ऑफिसचे वार पाच म्हणून माणूस भाबडेपणाने पाच कुर्ते काढतो. ओळीने घालतो. पुढच्या सोमवारी पुन्हा पहिला. दोन महिन्यांत ऑफिसला कॅलेंडरची गरज उरत नाही. 'आज हिरवा, म्हणजे बुधवार,' असं म्हणत लोक कामाला लागतात. बुधवारच्या मीटिंगमध्ये दर आठवड्याला तीच माणसं असतात, त्यामुळे त्यांच्या लेखी तुमच्याकडे एकच कुर्ता असतो.

उपाय स्वस्त आहे: सहावा कुर्ता. सहा हँगर, पाच वार. शुक्रवारी पाचवा संपला की सोमवारी सहावा, मंगळवारी पहिला, बुधवारी दुसरा. दर आठवड्याला प्रत्येक कुर्ता एक वार पुढे सरकतो आणि त्याच वारी परत यायला त्याला सहा आठवडे लागतात. तेवढ्यात बुधवारवाले विसरतात. माझं मत विचाराल तर सातव्या कुर्त्याच्या मोहात पडू नये. तिथून पुन्हा 'हा की तो' सुरू होतं.

सलवारींचं मात्र उलटं. त्या तीन पुरतात आणि त्या वाराला बांधून ठेवायच्या: सोमवारी काळी, मंगळवारी निळी, बुधवारी क्रीम, गुरुवारी पुन्हा काळी, शुक्रवारी निळी. सोमवारी रात्री धुतलेली काळी गुरुवारी सकाळपर्यंत वाळायला दोन दिवस आणि वर थोडा वेळ मिळतो. मुंबईच्या जुलैत घरातल्या दोरीवर सुती कापडाला तेवढा लागतोच. आता कुर्ता सरकणारा आणि सलवार जागची, म्हणजे प्रत्येक कुर्ता कधी ना कधी तिन्ही सलवारींशी जुळायला हवा. जो फक्त क्रीमवरच शोभतो, तो कितीही लाडका असला तरी या सहांत घ्यायचा नाही. त्याने लग्नकार्यात मिरवावं.

जुळणी दिवसाउजेडी खिडकीपाशी करायची. ट्यूबलाइटखाली काळी आणि गडद निळी सलवार सख्ख्या जुळ्या बहिणी असतात. वेगळ्या निघतात त्या थेट फलाटावर.

इस्त्रीवाल्याकडे गठ्ठा शनिवारी सकाळी द्यायचा, म्हणजे रविवारी संध्याकाळी हातात येतो. रविवारी दिला तर 'उद्या देतो' हे उत्तर ठरलेलं, आणि तो उद्या म्हणजे नेमका सोमवार. आलेले कपडे घडीवर घडी ठेवू नयेत. एका हँगरवर कुर्ता आणि त्याची ओढणी, लगेच टांगायचं. सलवार त्याच हँगरवर अडकवू नये, काळी आणि निळी आठवड्यात दोनदा लागतात.

टांगण्याआधी नेफा चिमटीत धरून बघावा. बाकी सलवार कोरडी लागली तरी नेफ्याच्या दुहेरी कापडात ओल राहते आणि बंद कपाटात तिचा कुबट वास शेजारच्या कुर्त्यांनाही लागतो. नाडीची दोन्ही टोकं बाहेर आहेत ना, हेही तेव्हाच बघावं. आत गेलेलं टोक सेफ्टी पिनने ओढून काढणं रविवारी पाच मिनिटांचं काम आहे. सोमवारी तेच संकट असतं. मग कुर्ता अंगात घालून एक हात वर धरावा, लोकलचं हँडल धरतो तसा. काखेतली शिवण उसवायची असेल तर ती घरीच उसवू दे.

पावसाळ्यात बुधवारची क्रीम सलवार म्हणजे जुगार. चपलेने उडणारे चिखलाचे ठिपके मागच्या बाजूला पडतात, त्यामुळे ते घालणाऱ्याला सोडून सगळ्यांना दिसतात. जून ते सप्टेंबर तिच्या जागी गडद तपकिरी घ्यावी. शिवाय रांगेबाहेर एक पॉलिएस्टरचा, इस्त्री न लागणारा, गडद जोड टांगलेला असावा. रुळांवर पाणी भरल्याची बातमी आली की त्या दिवशी तो घालायचा आणि त्या दिवसाचा कुर्ता दुसऱ्या दिवशी.

मध्येच सुट्टी आली तरी नियम तोच. बुधवारी सुट्टी असली तर बुधवारचा कुर्ता गुरुवारी जातो, सलवार गुरुवारचीच राहते.

ही सगळी व्यवस्था फक्त एका ठिकाणी कोलमडते: घरात त्याच मापाची बहीण असेल तर. तिला रविवारी काहीच लावून ठेवावं लागत नाही.